दोन तुकड्या, दोन सुरुवाती: गेन ०.४० आणि ०.२८, मग जास्त शिकलं कोण?

घर्षण

मंडळी, जरा किचकट प्रश्न आहे, पण इथे शिकवणारे आणि आकड्यांत रमणारे दोन्ही आहेत म्हणून विचारतो.

आमच्याकडे एफवाय बीएस्सीला भौतिकशास्त्राच्या दोन तुकड्या आहेत. यंदा मेकॅनिक्स सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर दोन्ही तुकड्यांना फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी (एफसीआय) दिली. तीस प्रश्न, प्रत्येकी पाच पर्याय, आकडेमोड अजिबात नाही. ‘अ’ तुकडीत बहुतेक मुलं जेईईचे क्लास करून आलेली आहेत. ‘ब’ मधली लहान गावांतल्या कॉलेजांतून आलेली, बारावीचं भौतिक कसंबसं काढलेली. ‘अ’ला माझे सहकारी नेहमीप्रमाणे फळ्यावर शिकवतात. ‘ब’ला मी प्रत्येक तासाला एक-दोन प्रश्न टाकतो. मुलं आधी एकेकटी कार्ड वर करून उत्तर देतात, मग शेजाऱ्याशी भांडतात आणि पुन्हा कार्ड वर करतात.

टक्क्यांत सरासरी अशी:

‘अ’ (४४ मुलं): आधी ६०, नंतर ७६
‘ब’ (४१ मुलं): आधी २५, नंतर ४६

विभागप्रमुख म्हणतात, ‘ब’ २१ने वाढली, ‘अ’ १६ने, म्हणजे कार्डवाली पद्धत सरस, पुढच्या वर्षी दोन्हीकडे लावू. सहकारी म्हणतात, थांबा, नॉर्मलाइज्ड गेन काढा:

```
g = (post - pre) / (100 - pre)
```

‘अ’चा १६/४० म्हणजे ०.४०. ‘ब’चा २१/७५ म्हणजे ०.२८. सगळं उलटं! अहवालात नेमका कोणता आकडा लिहू?

बंड्यानाना

यात एवढं काय? सीईटीला करतात तसं पर्सेंटाइल काढा. वेगवेगळ्या शिफ्टचे पेपर कमी-जास्त अवघड असतात म्हणून नॉर्मलायझेशन करतात ना, तेच हे. माझ्या पुतणीला त्या भानगडीत दोन मार्क कमी पडले होते, अजून घरात विषय निघाला की भांडण होतं.

घर्षण

नाना, ते वेगळं. तिथे पेपर वेगळे आणि मुलांची क्रमवारी लावायची असते. इथे पेपर तोच, दोन्ही वेळा तोच. प्रश्न असा की ६०वरून निघालेल्याला वर जायला ४०च टक्के शिल्लक होते, २५वाल्याला ७५. म्हणून प्रत्येकाची वाढ त्याच्यापुढे शिल्लक असलेल्या जागेने भागायची.

बंड्यानाना

बरं बरं. म्हणजे पुतणीच्या कामाचं नाही. वाचतोय.

समीर_पुणे

तुमच्या सहकाऱ्यांचं बरोबर आहे. खालून सुरू करणाऱ्याला मार्क वाढवणं सोपं असतं, वर गेल्यावर एकेक मार्क रडवतो. नुसती वाढ बघितली तर हुशार वर्गावर अन्याय होतो. g हा त्यावरचाच इलाज. हेकने १९९८ मध्ये हजारो मुलांचा डेटा घेऊन दाखवून दिलंय की g वर सुरुवातीच्या पातळीचा परिणाम होत नाही. तेव्हा ‘अ’ पुढे, विषय संपला. ‘ब’ तर ०.३च्या खाली, म्हणजे ‘कमी’ गटात.

शिवाय अजून एक. पाच पर्याय आहेत, म्हणजे अंदाजपंचे उत्तरं दिली तरी २० टक्के मिळतात. ‘ब’ला सुरुवातीला खरं तर पाचच टक्के येत होतं. ते दुरुस्त केलंत तर g अजून बदलेल.

अपूर्वा_के

भौतिकशास्त्र मुलांना कसं समजतं यावरचं संशोधन हेच माझं काम आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

समीर, अंदाजाची दुरुस्ती करून बघा, गंमत दिसेल. निव्वळ ठोकून दिलेल्या उत्तरांचे मार्क काढले तर ‘अ’चे ६० आणि ७६ हे ५० आणि ७० होतात. ‘ब’चे २५ आणि ४६ हे ६.२५ आणि ३२.५ होतात. आता g काढा: २०/५० = ०.४०, आणि २६.२५/९३.७५ = ०.२८. जिथे होता तिथेच. वरची वाढ आणि खालची शिल्लक दोन्ही एकाच पटीने फुगतात, म्हणून भागाकार हलत नाही. g चा हा खरोखर चांगला गुण आहे आणि फार कमी लोकांच्या लक्षात येतो.

फक्त एफसीआयवर मुलं निव्वळ ठोकत नाहीत. त्यातले चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्याखुऱ्या गैरसमजांवरून घेतलेले आहेत. जड आणि हलक्या वस्तूची टक्कर असेल तर ‘जड वस्तू जास्त बल लावते’ हा पर्याय मुलगा खात्रीने निवडतो, नाणं उडवून नाही. त्यामुळे २०च्या खाली जाणारी मुलंही सापडतात. तुमच्या ‘ब’मध्ये असतील, बघा.

हेकबद्दल. त्यांच्या पाहणीत ६२ अभ्यासक्रम आणि ६,५४२ विद्यार्थी होते. पारंपरिक व्याख्यानांच्या १४ अभ्यासक्रमांचा सरासरी गेन ०.२३, मुलांना वर्गात काहीतरी करायला लावणाऱ्या ४८ अभ्यासक्रमांचा ०.४८. ०.३ आणि ०.७च्या रेषा त्यांनीच आखल्या. सुरुवातीचे मार्क आणि g यांचा संबंध त्यांना जवळजवळ शून्य, ०.०२ इतकाच आढळला, हेही खरं. पण तो अख्ख्या वर्गांच्या सरासरींमधला संबंध होता, आणि डेटा प्राध्यापकांनी आपणहून पाठवलेला होता. २००५ मध्ये कोलेट्टा आणि फिलिप्स यांनी एकेका विद्यार्थ्याचा g तपासला, तेव्हा चार विद्यापीठांपैकी तीन ठिकाणी जास्त प्री असलेल्याचा g सुद्धा जास्त निघाला. २०१८ मध्ये निसेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वरून सुरू करणाऱ्या गटांना g झुकतं माप देतो. म्हणजे ‘परिणाम होत नाही, विषय संपला’ असं म्हणता येत नाही.

आणि घर्षण सर, एक प्रश्न मलाच पडलाय. हेकच्या त्या १४ पारंपरिक अभ्यासक्रमांपैकी एकाचाही g ०.३पर्यंत पोचला नव्हता. तुमच्या सहकाऱ्यांचा ०.४०, तोही फळा-खडूवर. छान असेल, पण मी आधी शंका घेईन. ‘अ’ची मुलं त्या महिन्यांत बाहेर कुठे काही शिकत होती का?

घर्षण

मॅडम, नेमकं बोट ठेवलंत. ‘अ’मधली बरीच मुलं रिपीटर आहेत. बीएस्सीला नाव घालून ठेवतात आणि पुन्हा जेईईची तयारी करतात. संध्याकाळी क्लासला जातात, तिथेही मेकॅनिक्सच चालू असतं. हे अहवालात कुठेच आलेलं नव्हतं.

‘ब’मध्ये २०च्या खालची मुलं आहेत, हो. एकाला आधी ३० पैकी ३.

झेडपीगुरुजी

माझ्याकडे तिसरी-चौथी आहे, भौतिक नाही. पण हाच घोळ. दहा गुणांची चाचणी, वजाबाकीची. चौघांना आधीच १० पैकी १०. सूत्रात खाली शून्य येतं आणि एक्सेल लाल होऊन बसतं. त्यांना शून्य धरायचं की एक? एका मुलीला आधी ९ होते, नंतर ८ आले, तिचा गेन उणे एक आला! पोरगी ताप अंगावर घेऊन बसली होती. आणि तिच्या एका आकड्याने अख्ख्या वर्गाची सरासरी खाली आली.

अपूर्वा_के

गुरुजी, तुमचा प्रश्न या धाग्याच्या अगदी मुळाशी जातो, बाजूचा नाही.

दोन मुलं घेऊ. एकाचे ९०चे ८० झाले, दुसऱ्याचे २०चे ५०. एकेकाचा g काढला तर पहिल्याचा –१०/१० म्हणजे –१, दुसऱ्याचा ३०/८० म्हणजे ०.३७५. त्यांची सरासरी उणे ०.३१! दोघांनी मिळून ज्ञान गमावलं म्हणायचं. आता आधी मार्कांची सरासरी काढा: ५५चे ६५ झाले, g = १०/४५ = ०.२२. मुलं तीच, मार्क तेच, आणि निष्कर्ष विरुद्ध. हेकने वर्गाच्या सरासरींवरून g काढला होता. बरेच जण एक्सेलमध्ये प्रत्येक ओळीला सूत्र लावतात, खाली सरासरी घेतात आणि ती हेकच्या ०.२३शी ताडून पाहतात. तसं करू नये.

मार्क घसरलेल्या मुलांसाठी मार्क्स आणि कमिंग्ज यांनी २००७ मध्ये तोडगा सुचवला: वाढ झाली तर शिल्लक जागेने भागा, घट झाली तर जिथून घसरला त्या मार्कांनी भागा. म्हणजे वरच्या मुलाचा आकडा –१०/९०, साधारण –०.११. आधी आणि नंतर दोन्ही वेळा पैकीच्या पैकी किंवा दोन्ही वेळा शून्य असेल तर ते मूल हिशोबातून वगळायचं. एक्सेलमध्ये, B मध्ये आधीचे आणि C मध्ये नंतरचे टक्के असतील तर:

```
=IF(C2>B2,(C2-B2)/(100-B2),IF(C2<B2,(C2-B2)/B2,IF(OR(B2=0,B2=100),"",0)))
```

तुमच्या त्या मुलीचा आकडा मग –१०/९० होईल. पण गुरुजी, ज्या चाचणीत चौघांना आधीच पैकीच्या पैकी आहेत, ती चाचणी त्या चौघांबद्दल काहीच सांगत नाही. सूत्र कोणतंही लावा. त्यांच्यासाठी अवघड वजाबाकी हवी, हातच्यांची, मध्ये शून्य असलेली.

झेडपीगुरुजी

चाचणी वरून छापून येते, ताई. बदलता येत नाही. पण ५०३ वजा २७८ फळ्यावर टाकून बघतो. चौघांतले किती टिकतात ते आपल्यापुरतं कळेल.

समीर_पुणे

ठीक, माझं थोडं घाईचं झालं असेल. पण मग g टाकून इफेक्ट साइज d का नाही वापरत? सरासरीतली वाढ भागिले स्टँडर्ड डेव्हिएशन. जगभर तेच चालतं. घर्षण, पसारा किती आहे?

घर्षण

प्रीमध्ये ‘अ’चा १८, ‘ब’चा १४.

समीर_पुणे

मग ‘अ’ १६/१८ = ०.८९, ‘ब’ २१/१४ = १.५. ‘ब’ जिंकली, चांगली सणसणीत. घ्या!

रेवती_स

मी ऑफिसात आकडेच बघते, शिक्षणातलं कळत नाही. पण सकाळी g मुळे ‘अ’ जिंकली, दुपारी d मुळे ‘ब’. संध्याकाळी तिसरं सूत्र आलं तर? मापं बदलून निकाल बदलत असेल तर माप शोधायच्या आधी नेमकं काय विचारायचंय ते ठरवायला हवं ना?

आणि ‘ब’चा पसारा १४ का आहे? एका टोकाला ढीग लागल्याने तर नाही ना? सरासरी २५ आणि नुसत्या अंदाजाने २० मिळतात म्हणजे मुलं तळाशी दाटलेली असणार. तळाशी दाटलेल्यांचा पसारा लहानच दिसतो, मग त्याने भागलेला d फुगतो. १.५ पैकी किती शिकणं आणि किती हा तळ, हे कसं ओळखणार?

अपूर्वा_के

रेवती, तुम्हाला कळत नाही असं अजिबात वाटत नाही!

अगदी हेच. वरून सुरू करणाऱ्याला g सांभाळून घेतो, तळाशी दाटलेल्यांना d उचलून धरतो. g गृहीत धरतो की जे येत नव्हतं त्याचा अमुक हिस्सा शिकला गेला, मग न येणारं थोडं असो की ढीगभर. पण ४० टक्के न येणारा मुलगा आणि ७५ टक्के न येणारा मुलगा यांच्यात फरक फक्त शिल्लक जागेचा नसतो. ‘अ’च्या मुलाला न्यूटनचा पहिला आणि दुसरा नियम येतोय, तिसऱ्यापाशी अडलाय. ‘ब’च्या मुलाच्या डोक्यात अजून ‘गती आहे म्हणजे बल आहे’ घट्ट बसलंय. ते निघाल्याशिवाय पुढचे दहा प्रश्न सुटतच नाहीत.

समीर, तुमचं ‘खालून वाढवणं सोपं’ यासाठीच अर्धं खरं आहे. पाठांतराच्या पेपरला ते चालतं, एफसीआयला नेहमी चालत नाही.

घर्षण

अजून एक विचारायचं होतं. ‘ब’मध्ये आधीची चाचणी ६२ जणांनी दिली होती, नंतरची ४१ जणांनी. वर दिलेले आकडे दोन्ही चाचण्या दिलेल्या ४१ जणांचेच आहेत. पण प्रमुख म्हणतात सगळ्या ६२ची सरासरी घ्या, संख्या मोठी दिसते. ती २२ आहे.

अपूर्वा_के

घेऊ नका. ६२चे २२ आणि ४१चे ४६ लावलेत तर २४/७८ = ०.३१, म्हणजे ‘मध्यम’! ०.३ची रेषा ओलांडली, आणि एकही मूल जास्त शिकलं नाही. गळालेल्या २१ जणांची सरासरी काढून बघा, १६च्या आसपास येईल. कच्ची मुलं निघून गेली की राहिलेल्यांची सरासरी आपोआप वर जाते.

४१वाले ०.२८च लिहा, पण शेजारी हेही लिहा की एक तृतीयांश मुलं गळाली. माझ्या मते तुमच्या सगळ्या डेटातली ती सर्वांत काळजीची गोष्ट आहे, आणि g मध्ये ती दिसतच नाही.

घर्षण

१६.१. बरोबर.

त्यातले काही ऊसतोडीच्या हंगामात घरच्यांबरोबर जातात, काहींनी आयटीआय धरलं. कार्ड वर केल्याने ते थांबणार नव्हते.

रेवती_स

मग दोन्ही तुकड्यांतली सारख्या पातळीवरून निघालेली मुलं समोरासमोर ठेवता येतील का? सूत्रालाच कमी काम उरेल.

घर्षण

केलं. प्रीमध्ये ३० ते ५०च्या दरम्यान असलेली मुलं घेतली. ‘अ’मध्ये अशी १०, ‘ब’मध्ये १३.

‘अ’: ४३ वरून ६१
‘ब’: ३६ वरून ५६

गेन १८/५७ = ०.३२ आणि २०/६४ = ०.३१. म्हणजे सारखेच! सहकाऱ्यांना दाखवलं तर ते म्हणाले, ‘मग तुमच्या कार्डांचा उपयोग काय?’

समीर_पुणे

हा निकाल मात्र पटला. बरोबरी.

अपूर्वा_के

बरोबरीही लगेच लिहू नका.

एक तर १० आणि १३ मुलं. एका मुलाचे तीन प्रश्न इकडचे तिकडे झाले तर सरासरी टक्काभर हलते.

दुसरं जास्त महत्त्वाचं. ६० सरासरीच्या तुकडीत ४३ मिळवणारी मुलं त्या तुकडीतली खालची आहेत. त्यातल्या काहींचा तो दिवस वाईट गेला असणार, त्यांची खरी पातळी ४३च्या वरची. ‘ब’मध्ये ३६वाली मुलं तुकडीतली वरची. त्यातल्या काहींची चार उत्तरं नशिबाने लागली असणार, त्यांची खरी पातळी ३६च्या खालची. दुसऱ्यांदा चाचणी घेतली की दोघंही आपापल्या तुकडीच्या सरासरीकडे सरकतात, मध्ये कुणी काही शिकवलं नाही तरी. म्हणजे ‘अ’च्या १८ मध्ये थोडी हवा आहे आणि ‘ब’चे २० थोडे दबलेले आहेत. किती ते चाचणीच्या विश्वासार्हतेवर ठरतं.

त्यात ‘अ’ची संध्याकाळच्या क्लासची मुलं मिसळलेली. त्या १० मध्ये रिपीटर किती?

घर्षण

सहा. म्हणजे क्लास न करणारी चारच उरतात. चारांवर काय बोलणार.

बंड्यानाना

एवढं सगळं वाचून मला एकच विचारायचंय. पुढच्या वर्षी ‘अ’ला कार्ड आणि ‘ब’ला फळा असं उलट करून बघता येत नाही का?

घर्षण

नाना, ‘अ’चे पालक विभागप्रमुखांना भेटायला येतील, ‘पोर्शन’ मागे पडला म्हणून. पण ‘ब’ मोठी आहे, तिचेच दोन भाग करून एकाला कार्ड, एकाला फळा असं करता येईल. मग दोघांची सुरुवात सारखीच असेल.

अपूर्वा_के

तसं झालं तर उत्तमच, फक्त भाग चिठ्ठ्या टाकून करा, हजेरी क्रमांकाने नको. हजेरी प्रवेशाच्या क्रमाने लागली असेल तर मार्कांचा क्रम त्यात शिरतो. प्रश्नपत्रिका मुलांकडून मोजून परत घ्या आणि प्रश्न कुठे टाकू नका, एकदा फोनवर फिरायला लागले की ती चाचणी पुढच्या वर्षी कामाची राहत नाही.

यंदाच्या अहवालात आधी आणि नंतर दोन्ही सरासरी लिहा, पसारा लिहा, किती आले किती गेले ते लिहा. मग वाचणारा हवा तो भागाकार स्वतः करेल. g एकटा लिहिलात की २५ आणि ४६ कायमचे हरवतात.

समीर_पुणे

मी तरी g लिहीनच, हेकच्या आकड्यांशी ताडून बघायला दुसरं काही नाही. ०.२८ हा फळ्याच्या ०.२३पेक्षा वर आहे, हे प्रमुखांना सांगायला काय हरकत?

अपूर्वा_के

सांगा, पण त्या १४ अभ्यासक्रमांची मुलं आणि तुमच्या ‘ब’ची मुलं यांची सुरुवात सारखी होती का, हे आधी बघा. मला वाटतं नव्हती. इथे आपलं एकमत होणार नाही, राहू दे.

झेडपीगुरुजी

५०३ वजा २७८ टाकलं होतं. चौघांतल्या दोघांनी २२५ काढलं, दोघांनी ३७५. शून्यातून सात जात नाहीत म्हणून सातातून शून्य, आणि तीनातून आठ जात नाहीत तिथेही तसंच, उलटं. शंभराच्या घरात मात्र सरळ पाचातून दोन, तीन.